फोटोतल्या त्रिकोणाला दोन उत्तरं येतात तेव्हा

लातूरला अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे फोनमध्ये नातेवाइकांपेक्षा त्रिकोणांचे फोटो जास्त आहेत. मागच्या उन्हाळ्यात औशाकडच्या एका पोराने असाच एक फोटो पाठवला. गाडीच्या सीटवर वहीचा कागद, त्यावर बॉलपेनने काढलेली चुलत्याच्या शेताच्या कोपऱ्याची कच्ची आकृती, आणि फोटो असा तिरका काढलेला की कागदाची वरची कड खालच्या कडेच्या निम्मीच दिसत होती. खाली लिहिलं होतं : "सर, दोन उत्तरं यायलेत. कोणतं खरं?"

प्रश्न चोख होता. या लेखात तो एकच त्रिकोण शेवटपर्यंत सोडवू. साइन नियम कुठे वापरायचा, कोसाइन नियम कुठे, आणि दोन उत्तरं कधी येतात हे त्यातच येऊन जातं. दहावीपर्यंतची त्रिकोणमिती आणि साइन-कोसाइनची बटणं असलेला कॅल्क्युलेटर एवढं जवळ असलं की पुरे.

आधी फोटो बाजूला ठेवा

फोटोवर पट्टी किंवा कोनमापक लावू नका. कॅमेरा कागदाच्या बरोबर वर धरला नसेल तर फोटोत कोन बदलतात, बाजूंची एकमेकींशी असलेली प्रमाणं बदलतात. सरळ रेघ सरळ राहते, पण 60 अंशांचा कोन 80 चा दिसू शकतो आणि लघुकोन विशालकोनासारखा भासू शकतो. शिवाय मूळ आकृतीच हाताने काढलेली असते. या फोटोत 60 मीटर लिहिलेली रेघ 90 मीटर लिहिलेल्या रेघेपेक्षा लांब दिसत होती! इतकं दिसल्यावर आकृतीच्या रूपावर विश्वास ठेवायचं कारणच उरत नाही. फोटोतून घ्यायचे ते फक्त लिहिलेले आकडे, आणि कोणता आकडा कोणत्या बाजूचा वा कोनाचा एवढंच.

हे वाचन सावकाश करा, कारण निम्म्या चुका इथेच होतात. हाताने लिहिलेला ९ आणि १ सारखे दिसतात. अंशाची खूण शून्यासारखी दिसते. या कागदावर "३५°" होतं आणि आमच्या वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीने ते ३५० वाचलं. त्रिकोणाचा कोन 350 अंश असू शकत नाही हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून तिने ३५० ही एक बाजू धरली. तिसरी भानगड कोनाच्या कमानीची. ती त्रिकोणाच्या आत आहे की बाजू वाढवून बाहेर काढली आहे, ते बघा. बाहेर असेल तर 180 मधून वजा करून आतला कोन घ्यायचा. आणि एखादा आकडा दोन रेघांच्या मधोमध लटकत असेल तर अंदाज करू नका, फोटो पाठवणाऱ्याला विचारा. एका फोनने काम होतं.

मग स्वतःच्या वहीत नवी आकृती काढा. शिरोबिंदूंना A, B, C नावं द्या आणि समोरच्या बाजूला त्याच अक्षराचं लहान रूप द्या : A च्या समोर a, B च्या समोर b, C च्या समोर c. म्हणजे a म्हणजे BC, b म्हणजे AC, c म्हणजे AB. इथे घाई केली की पुढचं सगळं सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकतं.

आमच्या फोटोतून निघालं ते असं. A हा डांबरी रस्ता आणि ओढा मिळतात तो कोपरा. A पासून रस्त्याने 90 मीटरवर B, तिथून धुरा, म्हणजे शेताचा बांध, सुरू होतो. धुरा 60 मीटरवर ओढ्याला जाऊन भिडतो, तो बिंदू C. A पाशी रस्ता आणि ओढा यांच्यातला कोन 35 अंश. ओढ्याच्या काठाने A ते C अंतर मोजता आलं नव्हतं, कारण बराचसा काठ वेड्या बाभळीने भरलेला. पोराला हवी होती ती नेमकी तीच लांबी, आणि तुकडा किती गुंठ्यांचा ते.

```
A = 35°   c = AB = 90   a = BC = 60   b = AC = ?
```

कोणता नियम, हे दिलेल्या माहितीवरून ठरतं

दोन नियम असे आहेत :

```
a / sin A = b / sin B = c / sin C
a² = b² + c² − 2bc·cos A
```

पहिला साइन नियम. दुसरा कोसाइन नियम, आणि तो तिन्ही बाजूंसाठी अक्षरं फिरवून लिहिता येतो. A काटकोन असेल तर cos A शून्य होतो आणि पायथागोरसचं प्रमेय उरतं. म्हणून कोसाइन नियम वेगळा पाठ करायचं कारण नाही. पायथागोरस लिहा आणि कोन काटकोनापासून जितका हलला आहे तेवढी दुरुस्ती करा.

कोणता लावायचा यासाठी शाळेत शिकलेल्या एकरूपतेच्या कसोट्या आठवा. तीन बाजू दिल्या असतील (बाबाबा) किंवा दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन दिला असेल (बाकोबा), तर कोसाइन नियम. दोन कोन आणि एक बाजू असेल (कोबाको किंवा कोकोबा), तर तिसरा कोन 180 मधून काढा आणि साइन नियम लावा. या चारही प्रकारांत त्रिकोण एकच असतो. कसोटी म्हणजे तेच तर : एवढी माहिती जुळली की त्रिकोण दुसरा होऊच शकत नाही.

आता आमची माहिती बघा. बाजू 90, बाजू 60, आणि कोन A. A हा 90 आणि 60 यांच्या मधे नाही. त्यांच्या मधला कोन B आहे. म्हणजे हे झालं "बाबाको". पुस्तकात बाबाको नावाची कसोटी शोधून बघा, सापडणार नाही. मधला कोन नसेल तर त्रिकोण नक्की होतोच असं नाही, म्हणून ती कसोटी नाही. काटकोन त्रिकोणापुरती ती चालते, तिथे तिला कर्णभुजा कसोटी म्हणतात.

कंपास घेऊन दोन त्रिकोण काढून बघा

हे वाचण्यापेक्षा करून बघितलेलं चांगलं. 1 सेंटिमीटरला 10 मीटर असं प्रमाण धरा. A पासून 9 सेंटिमीटरची रेघ काढा, टोकाला B लिहा. A पाशी कोनमापकाने 35 अंश घेऊन एक लांब किरण काढा. हा ओढा. आता कंपासमध्ये 6 सेंटिमीटर घ्या, टोक B वर रोवा आणि कमान फिरवा.

कमान ओढ्याला दोनदा छेदते. एक छेद A पासून साधारण 4.3 सेंटिमीटरवर, दुसरा 10.4 वर. दोन्ही ठिकाणी धुरा 6 सेंटिमीटरचाच आहे, A चा कोन 35 चाच आहे, रस्ता 9 चाच आहे. दिलेली प्रत्येक गोष्ट दोन्ही आकृत्यांत खरी आहे. म्हणजे पोराने काही चुकवलं नव्हतं. चुलत्याने जी माहिती मोजून आणली तिच्यातच दोन शेतं बसत होती.

कमान किती वेळा छेदणार हे B पासून ओढ्यावर टाकलेल्या लंबावर अवलंबून आहे. त्या लंबाची लांबी h म्हणा.

```
h = c·sin A = 90 × sin 35° = 90 × 0.5736 = 51.62
```

B ला खुंटी ठोकून 60 मीटरची दोरी बांधली आहे असं समजा. ओढा सगळ्यात जवळ 51.62 मीटरवर आहे. दोरी त्याहून कमी, समजा 50 मीटर असती, तर ती ओढ्यापर्यंत पोचलीच नसती आणि त्रिकोण झाला नसता. बरोबर 51.62 असती तर एकाच ठिकाणी टेकली असती, C ला काटकोन करून. 90 किंवा त्याहून जास्त असती, तर लंबाच्या पलीकडच्या अंगाला एकच छेद मिळाला असता, कारण अलीकडचा छेद A वर किंवा A च्याही मागे गेला असता. आमची 60 ची दोरी 51.62 आणि 90 यांच्या मधे पडते, म्हणून दोन छेद. A लघुकोन असेल तेव्हाचं हे गणित आहे. A च काटकोन किंवा विशालकोन असेल तर दोन त्रिकोणांचा प्रश्न येत नाही : a ही c पेक्षा मोठी असली तर एक त्रिकोण, नाहीतर एकही नाही.

हा लंब म्हणजेच साइन नियमाची सिद्धताही आहे. तोच लंब C कडून मोजला तर a·sin C येतो. लंब एकच, म्हणून c·sin A = a·sin C, आणि भागून मांडलं की नियम तयार.

आकडेमोड

कॅल्क्युलेटर हातात घेतल्यावर आधी पडद्यावर वर `D` किंवा `DEG` आहे का ते बघा. `R` किंवा `RAD` असेल तर sin 35 ऋण येतो, आणि पोरं त्या ऋण चिन्हावर अर्धा तास घालवतात. sin 30 दाबा, 0.5 आलं की पुढे चला.

साइन नियमाने C काढू :

```
sin C = c·sin A / a = 90 × 0.5736 / 60 = 0.8604
sin⁻¹(0.8604) = 59.36°
```

कॅल्क्युलेटर एवढंच सांगतो. `sin⁻¹` चं बटण धन संख्येसाठी नेहमी 0 ते 90 मधलाच कोन देतं, पण पूरककोनांचे साइन समान असतात. sin 59.36° आणि sin 120.64° एकच. म्हणून दुसरा कोन आपण हाताने लिहायचा : 180 − 59.36 = 120.64. तो लिहायचा राहिला की अर्धं उत्तर गेलं.

लिहिल्यावर लगेच तपासा. दुसऱ्या कोनात A मिळवला तर बेरीज 180 च्या आत राहते का? 120.64 + 35 = 155.64. राहते, म्हणजे B साठी जागा आहे. 180 च्या वर गेली असती तर दुसरा त्रिकोण खोडून टाकला असता. दोरी 90 पेक्षा लांब असते तेव्हा होतं ते हेच, फक्त कोनांच्या भाषेत.

आता दोन रांगा वेगवेगळ्या चालवा. दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून मी वहीच्या पानावर मधे उभी रेघ मारायला लावतो.

```
पहिला : C = 59.36°    B = 85.64°   b = 60·sin B / sin A = 104.30
दुसरा : C = 120.64°   B = 24.36°   b = 60·sin B / sin A = 43.14
```

क्षेत्रफळ दोन बाजू आणि मधल्या कोनावरून येतं, ½·b·c·sin A. पहिल्या त्रिकोणाचं 2692 चौरस मीटर, दुसऱ्याचं 1114. एक गुंठा साधारण 101.17 चौरस मीटरचा धरला तर एक तुकडा साडेसव्वीस गुंठ्यांचा आणि दुसरा अकरा गुंठ्यांचा. पोराचा चुलता दुसरं उत्तर ऐकून किती गोरामोरा झाला असेल याची कल्पना करा.

हेच कोसाइन नियमाने एका दमात होतं, आणि मला स्वतःला ही वाट जास्त आवडते, कारण तिच्यात दुसरं उत्तर विसरायची सोयच नाही. b अज्ञात ठेवून A चं सूत्र लिहा :

```
60² = b² + 90² − 2·b·90·cos 35°
b² − 147.45·b + 4500 = 0
```

हे वर्गसमीकरण आहे. मुळं 104.30 आणि 43.14. दोन्ही धन, म्हणजे दोन त्रिकोण. एक मूळ ऋण किंवा शून्य आलं असतं तर एकच त्रिकोण, आणि विवेचक ऋण आला असता तर एकही नाही. दोरी 50 ची असती तर विवेचक ऋण येतो. साइनच्या वाटेने गेलात तर तिथे sin C एकापेक्षा मोठा होतो आणि कॅल्क्युलेटर `Math ERROR` दाखवतो. पोरांना वाटतं मशीन बिघडलं. बहुतेक वेळा आकडा वाचताना चुकलेलं असतं, म्हणून असा संदेश दिसला की सूत्र तपासण्याआधी फोटो पुन्हा उघडा.

मग खरं शेत कोणतं?

परीक्षेत असाल तर दोन्ही उत्तरं लिहा. प्रश्नात "C विशालकोन आहे" किंवा "B हा सगळ्यात मोठा कोन" असं काही म्हटलं असेल तरच एक खोडा. आकृती तशी दिसते, या कारणावरून खोडू नका. पोराची चूक होता होता राहिली ती इथेच. तिरक्या फोटोत C चांगला पसरट दिसत होता, म्हणून तो अकरा गुंठ्यांकडे झुकला होता.

शेत मात्र एकच आहे, आणि ते दूर नाही. मी त्याला विचारलं, "B ला उभं राहिलं तर रस्ता आणि धुरा कसे दिसतात, फटीसारखे की गवंड्याच्या गुण्यासारखे काटकोनात?" तो म्हणाला, "गुण्याच लावल्यावानी हाय, सर." दोन शक्यतांमधे B एकतर 86 च्या आसपास किंवा 24 च्या आसपास. इतका फरक डोळ्यांना कळतो. गुण्यासारखा, म्हणजे पहिला त्रिकोण.

तरी मी त्याला टेप घेऊन परत पाठवलं, कारण B मोजायला पाच मिनिटं लागतात आणि बाभळीत शिरावं लागत नाही. B पासून रस्त्याने 10 मीटरवर एक खुंटी, धुऱ्याने 10 मीटरवर दुसरी. दोन खुंट्यांमधलं अंतर d मोजायचं. कोसाइन नियम उलटा लावला की कोन मिळतो :

```
cos B = (10² + 10² − d²) / (2·10·10) = 1 − d²/200
```

B 24.36 असता तर d आला असता 4.22 मीटर, आणि 85.64 असता तर 13.59. पोराने कळवलं 13 मीटर 60 सेंटिमीटर. संशय मिटला. वर, आता आपल्याकडे 90, 60 आणि त्यांच्या मधला कोन आहे. म्हणजे बाबाको जाऊन बाकोबा झालं. cos B = 1 − 184.96/200 = 0.0752.

```
b² = 90² + 60² − 2·90·60·0.0752 = 11700 − 812.16 = 10887.84
b = 104.34
```

आधीचं 104.30 आणि हे 104.34. वेगळ्या मोजमापातून आलेली दोन उत्तरं चार सेंटिमीटरच्या फरकात जुळली, तेव्हा मी समाधानाने चहा घेतला. चुलत्याने A चे 35 अंशही असेच खुंट्यांनी काढले होते. तिथे d 6 मीटर 1 सेंटिमीटर आला होता, सूत्रात घालून बघा. अर्थात सात-बारावरचं क्षेत्र असल्या हिशेबाने बदलत नाही. त्यासाठी सरकारी मोजणीच लागते. हे आपलं घरच्या अंदाजापुरतं.

एक सावधगिरी इथेच सांगतो. धुरा 60 ऐवजी 52 मीटरचा असता, म्हणजे लंबाच्या अगदी जवळ, तर दोन त्रिकोण एकमेकांच्या खेटून आले असते : C एकात 83 अंश, दुसऱ्यात 97. डोळ्यांनी निवाडा अवघड. शिवाय 90 अंशांजवळ साइन जवळपास हलतच नाही, त्यामुळे बाजूतली बारीक चूक कोनात मोठी होते. धुऱ्याच्या मापात 10 सेंटिमीटरची चूक झाली तर 60 च्या धुऱ्याला C साधारण 0.16 अंशाने सरकतो आणि 52 च्या धुऱ्याला 0.85 अंशाने. अशा वेळी साइनवरून कोन काढायचा हट्ट सोडा आणि सरळ मधला कोन मोजा. त्रिकोणांच्या साखळीने प्रदेश मोजणारे सर्वेक्षकसुद्धा आधी एक पाया-रेषा अचूक मोजत आणि बाकी सगळे कोन मोजत. कोन आणि एक बाजू हातात असली की बाबाकोच्या फेऱ्यात सापडायची वेळच येत नाही.

जिथे दोन त्रिकोण नसतात तिथेही तीच खोड

कोसाइन नियमाच्या गणितात पोरं गाफील राहतात. त्रिकोण एकच आहे हे माहीत असतं, आणि तरी कोन चुकतो. एक उदाहरण : बाजू 40 आणि 70, मधला कोन 30 अंश. तिसरी बाजू x.

```
x² = 40² + 70² − 2·40·70·cos 30° = 6500 − 4849.7 = 1650.3
x = 40.62
```

इथे पहिला खड्डा आहे वजाबाकीचा. काही जण आधी 6500 मधून 5600 वजा करतात आणि उरलेल्या 900 ला cos 30 ने गुणतात. x येतो 27.9. हे चूक आहे हे कळायला सूत्र पुन्हा बघायची गरज नाही : 40 आणि 27.9 मिळून 67.9, आणि तिसरी बाजू 70. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा कमी, म्हणजे त्रिकोण मिटतच नाही. cos हा फक्त 2bc च्या अंगावर बसतो, आख्ख्या ओळीवर नाही.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. x बरोबर काढला, आता उरलेले कोन. हातात साइन नियम आहे, सोपा आहे, म्हणून 70 समोरचा कोन त्यानेच काढला :

```
sin⁻¹(70 × 0.5 / 40.62) = 59.5°
```

मग तिसरा कोन 180 − 30 − 59.5 = 90.5. बेरीज 180 भरली, पोरगा खूश. पण 90.5 हा सगळ्यात मोठा कोन 40 च्या समोर आला, आणि 40 तर सगळ्यात मोठी बाजू नाही. मोठ्या बाजूसमोर मोठा कोन हवा. 70 समोरचा खरा कोन 120.5 आहे, 59.5 चा पूरककोन. बटणाने पुन्हा एकदा लघुकोनच दिला आणि आपण तो घेतला.

यातून सुटायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे साइन नियम लावायचाच असेल तर आधी लहान बाजूसमोरचा कोन काढा. इथे 40 समोरचा, 29.5 अंश. लहान बाजूसमोरचा कोन विशालकोन असूच शकत नाही, म्हणून बटणाचं उत्तर तिथे डोळे झाकून घेता येतं. मोठा कोन वजाबाकीने काढा : 180 − 30 − 29.5 = 120.5. दुसरी वाट म्हणजे मोठ्या कोनाला कोसाइन नियम लावा. `cos⁻¹` 0 ते 180 मधला कोन देतं आणि विशालकोनाचा कोसाइन ऋण असतो, त्यामुळे दोघांत गोंधळ होत नाही. तीन बाजू दिल्या असतील तेव्हाही याच कारणाने सगळ्यात मोठ्या बाजूसमोरच्या कोनापासून सुरुवात करा. तो एकदा कोसाइनने काढला की बाकीचे दोन लघुकोनच असतात, मग साइन नियम बिनधास्त.

कॅल्क्युलेटर उघडायच्या आधीही हे कळू शकतं. सगळ्यात मोठ्या बाजूचा वर्ग 4900, बाकी दोघींच्या वर्गांची बेरीज 1600 + 1650 म्हणजे 3250. वर्ग बेरजेपेक्षा मोठा, म्हणजे समोरचा कोन विशालकोन. लहान असता तर लघुकोन, समान असता तर काटकोन. औशाच्या त्या पोराने ही ओळ वहीच्या कव्हरच्या आत लिहून ठेवली आहे, आणि आता फोटो पाठवताना तो कॅमेरा कागदाच्या बरोबर वर धरतो. 90 ची रेघ मात्र अजूनही 60 पेक्षा आखूडच काढतो.